फ्लॅटसाठी इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी घ्यावी की छोटा जनरेटर? (हिंडलगा, बेळगाव)

रश्मी_हिंडलगा

नमस्कार. आम्ही हिंडलग्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते, यजमान संध्याकाळी ऑनलाइन शिकवण्या घेतात. लाईट दिवसातून एकदा तरी जाते, बहुतेक सकाळी दहा ते एक. पावसाळ्यात तर कधी जाईल आणि कधी येईल याचा नेमच नाही.

१४ महिन्यांपूर्वी इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूबलर बॅटरी बसवली. सुरुवातीला साडेतीन तास आरामात निघायचे. आता ५० मिनिटांत शिट्टी वाजायला लागते. गेल्या मंगळवारी क्लायंटसमोर माझं बोलणं चालू असतानाच सगळं बंद पडलं. मॅनेजर समजून घेतात, पण किती वेळा घेणार?

दुकानदार म्हणतो, अजून एक तेवढीच बॅटरी जोडून देतो. खानापूरचा भाऊ म्हणतो, त्यापेक्षा छोटा पेट्रोल जनरेटर घे आणि बाल्कनीत ठेव. लोड म्हणाल तर दोन लॅपटॉप, एक मॉनिटर, फायबरचा डबा आणि राऊटर, दोन साधे पंखे, तीन एलईडी. फ्रिज इन्व्हर्टरवर नाही, वायरिंगवेळी मी स्वतः उभी राहून बघितलंय. काय करावं?

निपाणीचा_संतोष

ताई, भाऊ बरोबर सांगतोय. मी दोन वर्षांपूर्वी जनरेटर घेतला आणि सुटलो. बॅटरी म्हणजे तीन-चार वर्षांनी पुन्हा तेवढाच खर्च. जनरेटरला तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल लागतं, बाकी काही नाही. खिडकी उघडी ठेवायची, धूर बाहेर जातो.

वडगावचा_माग

आमच्याकडं दोन यंत्रमाग आहेत. लाईट गेली की धागा तुटतो आणि पुन्हा जोडत बसायला अर्धा तास जातो. ताईंच्यासारखा इन्व्हर्टर घातला तर माग चालेल काय? कुणी घातलाय काय वडगाव-शहापुरात?

तारवाला

संतोषदादा, तुमचं घर स्वतंत्र आहे काय? मागं परसू असेल. तिथं जनरेटर ठेवला तर ठीक. फ्लॅटच्या बाल्कनीत नको म्हणजे नकोच. ताई, भावाला सांगा, त्याची काळजी खरी आहे, पण जागा चुकली.

मी वायरिंग आणि इन्व्हर्टरचं काम २२ वर्षं करतोय. १४ महिन्यांत साडेतीन तासांचे ५० मिनिटं झाले, तर बॅटरी लहान पडली असं होत नाही. पहिल्या वर्षी तीच बॅटरी पुरत होती ना? एकतर ती बिघडलीय, नाहीतर भरतच नाही. दुसरी बॅटरी घ्यायच्या आधी एवढं बघून सांगा:

लाईट असताना इन्व्हर्टरमधून टक्-टक् असा आवाज येतो काय, विशेष करून संध्याकाळी? पाणी शेवटचं कधी घातलं आणि कुठलं घातलं? घरात व्होल्टेज किती येतंय? प्लगमध्ये खोचायचा छोटा डिजिटल मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशेला मिळतो.

वडगावचे अण्णा, मागाची मोटर सुरू होताना चालू लोडच्या कितीतरी पट करंट ओढते. घरगुती इन्व्हर्टर लगेच ट्रिप होईल. तुमचा विषय वेगळा आहे, मोटर किती एचपीची ते सांगा, सावकाश बोलू.

सिस्टर_खानापूर

मी नर्स आहे, म्हणून जनरेटरबद्दल लिहितेच. पावसात एका दुकानातली तीन माणसं आमच्याकडे आणली होती. डोकं प्रचंड दुखतंय, उलट्या, एक जण अर्धवट शुद्धीत. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही खाण्यात आलं. शटर अर्धं ओढून आत जनरेटर चालू ठेवला होता, एवढंच कारण.

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. दिसतो तो धूर खिडकीतून गेला म्हणजे हाही गेला असं नाही. बाल्कनीतून तो तुमच्याच खोलीत उलटा येतो किंवा वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये शिरतो. वर कुणाचं तान्हं बाळ असेल तर? संतोषदादा, खिडकी उघडी ठेवली की झालं, असं कृपा करून कुणाला सांगू नका.

निपाणीचा_संतोष

सिस्टर, माझा जनरेटर परसातच असतो, घरापासून चांगला लांब. खिडकीचं मी विचार न करता लिहिलं. फ्लॅटचं मला सुचलंच नाही. ते वाक्य मागे घेतो.

सेक्रेटरी_टिळकवाडी

आमच्या सोसायटीत एकाने बाल्कनीत जनरेटर लावला होता. दोन दिवसांत तक्रार. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, स्वस्तातला जनरेटर त्यात बसत नाही. शिवाय घरात पेट्रोलचा कॅन ठेवायचा म्हणजे गॅस शेगडीच्या चार पावलांवर. आम्ही तो बंद करायला लावला.

तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आणि पंपासाठी मोठा जनरेटर आहे का? असेल तर प्रत्येक फ्लॅटला त्यावरून एक पॉईंट मागा. आमच्याकडे तसं दिलंय, फक्त डिझेलचा खर्च कसा वाटायचा यावरून अजून दर मिटिंगला वाद होतो.

रश्मी_हिंडलगा

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं. तो गप्पच झाला. जनरेटरचा विषय आमच्यापुरता संपला. बिल्डिंगला जनरेटर नाही, लिफ्टसुद्धा लाईट गेली की बंद.

तारवाला दादा, टक्-टक् आवाज येतो! रोज संध्याकाळी येतो. मला वाटायचं यंत्राचा स्वभावच तसा असेल. त्या वेळी दिवे क्षणभर मिचकतात आणि पंख्याचा आवाज बदलतो. मीटर आणला. आज दुपारी २२१ होतं, संध्याकाळी साडेसातला १६८, मग १७९, १८४, पुन्हा १७२. रात्री साडेदहानंतर २०० च्या वर गेलं. सकाळी सहाला, सगळ्यांचे गिझर लागतात तेव्हा, पुन्हा १७५. पाणी दोन महिन्यांपूर्वी डिस्टिल वॉटरच घातलं.

तारवाला

ताई, तुमचा चोर सापडला.

तुमचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे. त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो समजतो लाईट गेली, आणि घर बॅटरीवर टाकतो. १८० च्या वर आलं की परत लाईटवर. ती टक्-टक् म्हणजे आतल्या रिलेचा आवाज. म्हणजे संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा शेजाऱ्यांकडे लाईट आहे, तुमच्याकडेही आहे, पण तुमची बॅटरी मात्र झिजतेय. सकाळी पुन्हा तेच. तुम्ही हिशोब करता दहा ते एकचा, बॅटरीला मात्र दिवसातून तीन वेळा काम पडतंय.

आता भरण्याचं बघा. तुमचं लोड सगळं धरून ३०० वॉटच्या आसपास. त्यात दोन पंखेच १५० खातात, दोन्ही लॅपटॉप मिळून शंभरच्या आत. इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट धरली तर बॅटरीतून तासाला ३० अँपिअर निघतात. तीन तासांत ९० निघाले. परत भरताना तेवढेच घालून चालत नाही, वर पाचवा हिस्सा जास्त लागतो. तुमचा चार्जर सुरुवातीला १२-१५ अँपिअरने भरतो, आणि शेवटी शेवटी तर खूपच हळू. म्हणजे एका सकाळची भरपाई करायला नऊ-दहा तास सलग पाहिजेत. तुमच्याकडे नीट व्होल्टेजचे सलग तास रात्री साडेदहा ते पहाटे साडेपाच, सातच. दुपारी थोडं भरतं ते संध्याकाळी जातं.

शेवटचा तो हळू भरायचा टप्पा बॅटरीला कधी मिळतच नाही. अशी अर्धपोटी राहिलेली शिशाची बॅटरी आतून कडक होत जाते, प्लेटवर सल्फेटचा थर बसतो आणि मग पाणी, चार्ज काही केलं तरी घेत नाही. दुकानदाराची दुसरी बॅटरी इथं काय करणार? टाकी दुप्पट केली, नळाची धार तेवढीच. त्यातून जुनी-नवी एकत्र जोडली की जुनी नवीला पण खाली ओढते. दीड-दोन वर्षांनी दोन्ही भंगारात.

इन्व्हर्टरच्या मागं छोटं बटण असेल, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. दुसऱ्या बाजूला करा. मग तो बराच खालचा व्होल्टेज पण लाईट म्हणून घेतो आणि हळू का होईना भरत राहतो. लॅपटॉपच्या ॲडॉप्टरवर बघा, शंभरपासून दोनशे चाळीसपर्यंत चालतो असं छापलेलं असतं. १७० ला त्याला काही होत नाही. पंखा हळू फिरेल एवढंच.

कुंदा_आणि_चहा

थांबा, इको मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो ना? माझा डेस्कटॉप आहे, तसं केल्यावर लाईट गेली की प्रत्येक वेळी रिस्टार्ट. त्यापेक्षा मेन लाईनला स्टॅबिलायझर बसवा, सगळा प्रश्नच मिटेल.

तारवाला

तुमचं पहिलं बरोबर. डेस्कटॉपला तो क्षण सहन होत नाही, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते म्हणून त्याला कळतही नाही. ताईंकडे फक्त राऊटर रिस्टार्ट होईल, आणि मग नेट परत यायला दोन-तीन मिनिटं. त्यावर उपाय म्हणजे राऊटरचा मिनी यूपीएस, हाताच्या तळव्याएवढा १२ व्होल्टचा डबा. फक्त फायबरचा डबा आणि राऊटर दोन्ही किती व्होल्ट-अँपिअरचे आहेत ते ॲडॉप्टरवर वाचून घ्या.

स्टॅबिलायझर नको म्हणत नाही, पण सगळ्या घराचा म्हणजे मोठा खर्च, आणि तो खालचा व्होल्टेज वर काढायला लाईनमधून जास्त करंट ओढतो. प्रत्येक फ्लॅटने बसवला तर लाईन अजून खाली. आधी मूळ बघू. ताई, समोरच्या फ्लॅटमध्ये त्याच वेळी किती व्होल्टेज येतं?

रश्मी_हिंडलगा

काल मीटर घेऊन तीन घरं फिरले. समोरच्या काकूंकडे २१०. आमच्या खालच्या दोन्ही मजल्यांवर आमच्यासारखंच, १७० च्या आसपास. काकूंना कधी काही जाणवलंच नव्हतं.

तारवाला

बिल्डिंगमध्ये तीन फेज येतात आणि फ्लॅट त्यांच्यात वाटलेले असतात. तुमच्या फेजवर जास्त लोड पडलाय. सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार द्या, फोनची १९१२ वर द्या, आणि वेळ लिहून तीन-चार दिवसांची व्होल्टेजची वही सोबत जोडा. नियमाने २३० च्या सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे २१६ च्या खाली जायला नको. वही असली की बोलायला आधार राहतो.

एक मात्र लक्षात ठेवा, हे सगळ्यांसाठी. तुमच्याकडे १७० आणि त्याच क्षणी समोर २६०-२८० असं दिसलं, तर ते लोड जास्त झाल्याचं लक्षण नाही, न्यूट्रल सुटल्याचं आहे. तेव्हा मेन स्विच बंद करायचा आणि लाइनमन येईपर्यंत लावायचा नाही. समोरच्यांचे टीव्ही-फ्रिज त्यात जळतात. तुमच्याकडे समोर २१० आहे, म्हणजे ती भीती नाही.

आता बॅटरी वाचते का बघू. शनिवारी रात्रीपासून इन्व्हर्टरवरचं सगळं लोड बंद करा, ती २४ ते ३० तास नुसती चार्जिंगला राहू दे. मग हायड्रोमीटर लावून सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या. दुकानातून माणूस बोलवा, किंवा स्वतः घेणार तर हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून, जवळपास उदबत्ती-दिवा काही नको. पाणी घातल्या-घातल्या घेऊ नका. नवीन पाणी वर तरंगतं, खोटं कमी दाखवतं. भरलेल्या ट्यूबलरला १२२० ते १२५० यायला पाहिजे. सगळे सेल सारखेच कमी असतील तर ती उपाशी आहे. पाच चांगले आणि एकच फार खाली असेल तर तो सेल गेला. मग वॉरंटी कार्ड शोधा.

कंग्राळीकर_आयटी

नेटबद्दल एक भर घालतो. माझ्याकडे बॅटरी चार तास टिकते, तरी दीड तासाने नेट जायचं. फायबरच्या डब्यावर लॉसचा लाल दिवा लागायचा. शोधल्यावर कळलं, केबलवाल्याचा डबा खालच्या जिन्यात होता आणि तो जिन्याच्या लाईटवर चालत होता. त्यात छोटी बॅटरी होती, ती दीड तासात संपायची. आम्ही चार घरांनी मिळून त्याला एका फ्लॅटच्या इन्व्हर्टरवरून वायर दिली. तुमच्या घरात सगळं चालू असताना लाल दिवा लागला, तर तुमची बॅटरी कितीही मोठी करा, उपयोग नाही. ताई, हे पण एकदा बघून घ्या.

वडगावचा_माग

माझी मोटर एक एचपीची आहे प्रत्येकी. सांगतो म्हटलं होतं.

रश्मी_हिंडलगा (तीन आठवड्यांनंतर)

उशीर झाला, क्षमस्व. सगळं क्रमाने सांगते.

बटण मागे होतं, कोळ्याच्या जाळ्यात. इकोवर केलं त्या संध्याकाळी टक्-टक् बंद झाली. १४ महिने रोज ऐकलेला आवाज थांबल्यावर घर इतकं शांत वाटलं की यजमान उठून इन्व्हर्टर चालू आहे ना ते बघायला गेले.

आधी, चार्जिंगला न लावताच, दुकानातल्या मुलाला बोलावून ग्रॅव्हिटी घेतली होती. सहाही सेल ११५० ते ११६०. तो काचेच्या नळीत वरचा रबरी फुगा दाबून पाणी ओढायचा, आत तरंगणारी कांडी कुठे थांबते ते मला दाखवायचा आणि मी वहीत लिहायची. मग शनिवार-रविवार आम्ही इन्व्हर्टरचे सगळे पॉईंट बंद ठेवले आणि एका खोलीत साध्या लाईनवर काढले. सोमवारी पुन्हा घेतली. पाच सेल १२१० च्या आसपास, एक ११९०. म्हणजे दादा म्हणाले तशी उपाशीच होती.

आता त्याच लोडवर दोन तास वीस मिनिटं निघाले, मी घड्याळ लावून बघितलं. दोन पंख्यांपैकी माझ्या खोलीतला बदलून बीएलडीसी घेतला. तो ३० वॉटच्या आसपास खातो, म्हणजे एका पंख्यामागे ४५ वॉट वाचले. त्यानंतर तीन तास होत आले. दहा ते एक निघतात, शेवटी थोडी धाकधूक असते. राऊटरला मिनी यूपीएस घेतला. लॉसचा दिवा अजून तरी लागला नाही.

तक्रार लेखी दिली, सोबत पाच दिवसांची वही. लाइनमन येऊन बघून गेले, फेज अजून बदललेली नाही. खालच्या मजल्यांवरच्या दोघांनीही सह्या केल्या आहेत.

तारवाला

छान केलं. ११९० चा सेल तेवढा लक्षात ठेवा. महिन्यातून एका रविवारी असंच पूर्ण भरू द्या आणि वहीत लिहा. तो एकटाच खाली खाली जाऊ लागला तर वॉरंटी असेपर्यंतच दुकानात जा. पहिल्यासारखे साडेतीन तास मात्र आता येतील असं मी म्हणणार नाही. बसलेला थर सगळा निघत नाही.

कुंदा_आणि_चहा

पुढच्या वेळी लिथियमच घ्या ना. माझ्या भावाने घेतली, साडेतीन-चार तासांत पूर्ण भरते. पाणी नाही, ॲसिडचा वास नाही, एका माणसाला उचलता येते. तुमचा खरा प्रश्न भरायला वेळ नाही हाच होता.

तारवाला

मुद्दा बरोबर आहे. अर्धवट भरलेली राहिली तरी लिथियम तशी खराब होत नाही, आणि ताईंच्या अडचणीला तेच हवं. पण तिला जुळणारा चार्जर लागतो. जुन्या इन्व्हर्टरला नुसती जोडू नका, त्यात लिथियमचं सेटिंग आहे का ते आधी विचारा. किंमतही जवळजवळ दुप्पट पडते. मी स्वतः अजून पाच वर्षं चाललेली बघितली नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. दुकानदार दहा वर्षं म्हणतात.

निपाणीचा_संतोष

आमच्याकडे मागच्या पावसात झाड पडून सलग तीस तास लाईट नव्हती. एवढ्याला कुठली बॅटरी पुरणार? तेव्हा मी परसातल्या जनरेटरवरून इन्व्हर्टर दोन तास चार्ज केला. पण यूपीएस मोडवर तो जनरेटरची लाईट घेतच नव्हता, इकोवर केल्यावर घेतली. आता हा धागा वाचून कारण कळलं.

तारवाला

संतोषदादा, जोडणी कशी केली होती? दोन्ही टोकांना पिना असलेली वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचली असेल तर आजच ती तोडून टाका. मेन बंद करायचं एकदा विसरलं तर तुमच्या जनरेटरची वीज उलटी पोलवर जाते, आणि पोलवर झाड काढायला चढलेला लाइनमन असतो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

निपाणीचा_संतोष

तशीच वायर होती. काढली. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो.

रश्मी_हिंडलगा

सेक्रेटरी काका, एक विचारायचं राहिलं. आमच्या बिल्डिंगमध्ये आता नऊ घरांत कुणी ना कुणी घरून काम करतं. खाली मोकळ्या जागेत सगळ्यांचा मिळून एक जनरेटर बसवायचं बोलणं चाललंय. तुमच्याकडे डिझेलचा खर्च फ्लॅटप्रमाणे वाटता की प्रत्येकाला वेगळा मीटर लावलाय? पहिल्या मजल्यावरचे आजी-आजोबा म्हणतात, आम्ही एकच दिवा लावणार, आम्ही सगळ्यांएवढे का द्यायचे?

सेक्रेटरी_टिळकवाडी

तोच तर वाद आहे. सध्या फ्लॅटप्रमाणे सारखे घेतो, आणि आमच्याकडचेही दोन ज्येष्ठ हेच विचारतात. सब-मीटर लावायचा ठराव पुढच्या महिन्यात ठेवलाय. होईल ते इथे लिहितो.

तारवाला

वडगावचे अण्णा, तुमचा विसर पडला नाही. एक एचपीच्या दोन मोटरी आहेत, तर सिंगल फेज की थ्री फेज, आणि दोन्ही एकदम सुरू करता की एकामागून एक? नवीन धागा काढा, मला तिथे हाक मारा.